जईफ हदीस सांगावी का? १५ शाबानच्या तीन रिवायती हाती घेऊन केलेली तपासणी

काही वर्षांपूर्वी शाबान महिन्याच्या पाच तारखेला असरच्या नमाजनंतर मी दर्स दिला. येत्या १५ शाबानच्या रात्रीबद्दल बोलायचं होतं. मी म्हणालो, "प्रेषित (स.) म्हणाले, शाबानची मधली रात्र आली की रात्री नमाजला उभे राहा आणि दिवसा रोजा ठेवा." दर्स संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "म्हणजे पंधराला रोजा ठेवायलाच हवा ना? प्रेषितांनी स्वतः सांगितलंय म्हटल्यावर." मी हो म्हणालो. घरी येऊन मूळ ग्रंथ उघडला, सनद, म्हणजे हदीस कोणाकडून कोणाकडे पोचली ती नावांची साखळी, वाचली आणि तिसऱ्याच नावावर अडखळलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझ्या मनात तेव्हा एकच वाक्य पक्कं बसलेलं होतं: "फजाइलमध्ये जईफ हदीस चालते." म्हणजे हलाल-हराम ठरवायचं नसेल, नुसतं सत्कर्माचं पुण्य सांगून उत्साह वाढवायचा असेल, तर कमकुवत सनदेची हदीसही सांगता येते. हे वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्यात अटी आहेत, आणि त्या अटी पाळल्या जात नाहीत म्हणून ही वाटच बंद करा म्हणणारे विद्वानही आहेत. हे सगळं नुसतं नियम म्हणून सांगितलं तर लक्षात राहत नाही. म्हणून एकाच रात्रीबद्दलच्या तीन रिवायती घेतो आणि मी आज त्या कशा तपासतो ते क्रमाने सांगतो.

आधी हे वाक्य आलं कुठून

इमाम अहमद बिन हंबल (मृत्यू इ.स. ८५५) आणि त्यांच्या आधीचे अब्दुर्रहमान बिन महदी (मृत्यू इ.स. ८१४) यांच्याकडून एकाच आशयाचं बोलणं नोंदलेलं आहे: हलाल-हरामाबद्दल रिवायत करताना आम्ही सनदेत कडक असतो, फजाइलबद्दल करताना सैल असतो. पुढे इमाम नववी (मृत्यू इ.स. १२७७) यांनी आपल्या चाळीस हदीसींच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिलं की सत्कर्मांच्या फजाइलमध्ये जईफ हदीसवर अमल करणं जायज आहे यावर विद्वानांचं एकमत आहे. आज ऐकू येणारं वाक्य मुख्यतः इथूनच पसरलं.

यामागचा विचार सोपा आहे, आणि तो सर्वांत नेमका इब्न तैमिया (मृत्यू इ.स. १३२८) यांनी मांडलाय. एका माणसाला ठाऊक आहे की व्यापारात नफा असतो. त्याच्या कानावर आलं की अमुक व्यापारात फार मोठा नफा आहे. बातमी खरी निघाली तर त्याचा फायदा झाला, खोटी निघाली तरी नुकसान नाही, कारण व्यापार मुळातच नफ्याचा होता. तसंच एखादं कर्म चांगलं आहे हे कुरआन किंवा सहीह, म्हणजे भक्कम सनदेच्या, हदीसने आधीच सिद्ध असेल आणि त्याचं पुण्य किती हे जईफ हदीस सांगत असेल, तर त्या आशेने ते कर्म करायला हरकत नाही. यात कर्म सिद्ध करण्याचं काम जईफ हदीस करत नाही. ते आधीच सिद्ध आहे. ती फक्त आशा वाढवते.

पुढच्या सगळ्या अटी याच एका मुद्द्यावर उभ्या आहेत, म्हणून तो नीट ध्यानात ठेवा.

तीन अटी

हाफिज इब्न हजर अस्कलानी (मृत्यू इ.स. १४४९) यांच्या तोंडून त्यांचे शिष्य सखावी (मृत्यू इ.स. १४९७) यांनी या अटी नोंदवल्या आहेत. पहिली, कमकुवतपणा तीव्र नसावा. म्हणजे सनदेत खोटारडा, खोटेपणाचा आरोप असलेला किंवा भयंकर चुका करणारा रावी, म्हणजे हदीस पुढे सांगणारा माणूस, एकटा नसावा. या अटीवर सर्वांचं एकमत असल्याचं सांगितलं जातं. दुसरी, हदीसमध्ये सांगितलेलं कर्म आधीच सिद्ध असलेल्या एखाद्या सर्वसाधारण नियमाखाली यावं. ज्याला शरीअतमध्ये मूळच नाही असं काही नव्याने काढलेलं नसावं. तिसरी, अमल करताना हे प्रेषितांकडून सिद्ध झालंय असं मानू नये. सावधगिरी म्हणून, आशा म्हणून करावं, म्हणजे जे ते बोलले नाहीत ते त्यांच्या नावावर घातलं जाणार नाही.

रजब महिन्याच्या फजाइलवर लिहिलेल्या आपल्या पुस्तिकेत इब्न हजर यांनी याला आणखी एक गोष्ट जोडली: अशा हदीसचा गाजावाजा करू नये. नाहीतर माणूस शरीअत नसलेल्या गोष्टीला शरीअत बनवतो, किंवा एखादा अजाण माणूस ते पाहून ही सहीह सुन्नत आहे असं समजतो. माझ्या मते हीच अट सगळ्यात भारी आहे आणि हीच सगळ्यात जास्त विसरली जाते. तिच्याकडे शेवटी येतो.

पहिली पायरी: ग्रंथ, क्रमांक आणि पूर्ण सनद

"हदीसमध्ये आहे" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या ग्रंथात, कितव्या क्रमांकावर आणि कोणाकडून कोणाकडे आली, हे तिन्ही लिहून काढा. शब्दशः लिहा, हाताने. हाताने लिहिताना प्रत्येक नाव डोळ्यांखालून जातं. नुसतं वाचताना अरबी नावं झरझर निसटून जातात.

मी दर्समध्ये सांगितलेली हदीस सुनन इब्न माजा, क्रमांक १३८८. सनद अशी: हसन बिन अली अल-खल्लाल, त्यांना अब्दुर्रज्जाक यांनी सांगितलं, त्यांना इब्न अबी सब्रा याने, त्याला इब्राहीम बिन मुहम्मद यांनी, त्यांना मुआविया बिन अब्दुल्लाह बिन जाफर यांनी, त्यांना त्यांच्या वडिलांनी, आणि त्यांना हजरत अली (र.) यांनी. मजकुराचा आशय: शाबानची मधली रात्र आली की तिच्यात उभे राहा आणि तिच्या दिवसाचा रोजा ठेवा, कारण त्या रात्री सूर्य मावळताच अल्लाह जवळच्या आकाशावर येतो आणि विचारतो, कोणी क्षमा मागणारा आहे का, मी क्षमा करीन, कोणी रोजी मागणारा आहे का, मी देईन, कोणी संकटात आहे का, मी सोडवीन, आणि हे पहाट होईपर्यंत चालतं.

दुसरी हदीस जामिअ तिर्मिझी, क्रमांक ७३९. अहमद बिन मनीअ, मग यझीद बिन हारून, मग हज्जाज बिन अर्तात, मग यहया बिन अबी कसीर, मग उर्वा, आणि मग हजरत आयेशा (र.). एका रात्री त्यांना प्रेषित (स.) जागेवर दिसले नाहीत, शोधायला निघाल्या तर ते बकीअच्या कब्रस्तानात होते. तिथे प्रेषितांनी सांगितलं की अल्लाह शाबानच्या मधल्या रात्री जवळच्या आकाशावर येतो आणि कल्ब टोळीच्या मेंढ्यांच्या अंगावरील केसांहूनही अधिक लोकांना क्षमा करतो.

तिसरी पुन्हा सुनन इब्न माजामधली, क्रमांक १३९०, हजरत अबू मूसा अशअरी (र.) यांच्याकडून: अल्लाह शाबानच्या मधल्या रात्री आपल्या निर्मितीकडे पाहतो आणि सर्वांना क्षमा करतो, शिर्क करणारा आणि मनात वैर धरणारा सोडून.

दुसरी पायरी: कमकुवतपणा कुठे आहे आणि किती खोल आहे

नुसतं "जईफ" हा शब्द वाचून थांबलात तर फसाल. मी इथेच फसलो होतो. इब्न रजब (मृत्यू इ.स. १३९३) यांनी वर्षातल्या विशेष काळांवर लिहिलेल्या ग्रंथात पहिल्या हदीसबद्दल लिहिलंय की ती जईफ सनदेने आली आहे. मी ते वाचलं, म्हटलं, जईफ आहे, फजाइलमध्ये चालेल. पण "जईफ" ही मोठी छत्री आहे. ज्याची स्मरणशक्ती जरा कच्ची तो रावीही तिच्याखाली येतो, आणि जो हदीस रचतो तोही येतो. एकाची हदीस दुसऱ्या सनदेने सावरू शकते, दुसऱ्याची काही केल्या सावरत नाही.

म्हणून प्रत्येक रावीचं नाव "तकरीबुत्तहझीब"मध्ये शोधा. इब्न हजर यांचाच हा ग्रंथ, आणि त्यात रावींबद्दल चार-दोन शब्दांत निकाल दिलेला असतो. प्रस्तावनेत त्यांनी रावींच्या १२ पायऱ्या सांगितल्या आहेत. शेवटच्या तीन लक्षात ठेवल्या तरी बरंच काम होतं: दहावी मतरूक, म्हणजे ज्याची हदीस सोडून दिलेली, अकरावी, ज्याच्यावर खोटेपणाचा आरोप आहे, बारावी, ज्याला सरळ खोटारडा किंवा हदीस रचणारा म्हटलंय. या तीनपैकी एखादा रावी सनदेत असेल आणि तीच गोष्ट सांगणारा दुसरा कोणी भरवशाचा नसेल, तर पहिल्या अटीवरच विषय संपतो. पुढच्या पायऱ्या चढायची गरज नाही.

इब्न अबी सब्राचं नाव मी तिथे काढलं. निकाल होता: त्याच्यावर हदीस रचल्याचा आरोप केला गेला आहे. इमाम अहमद यांनी तर स्पष्टच म्हटलंय की तो हदीस रचायचा. ज्या इमाम अहमदांच्या "फजाइलमध्ये आम्ही सैल असतो" या बोलण्याचा आधार मी घेत होतो, त्यांनीच या माणसाला नाकारलेलं होतं. हा इब्न अबी सब्रा काझी होता, फिक्हचा जाणकार म्हणून ओळखला जात होता. कायदा जाणणं आणि हदीस प्रामाणिकपणे पोचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या रात्री नीट कळलं.

आता दुसरी हदीस घ्या. इथे तपासणाऱ्याचं काम इमाम तिर्मिझी यांनीच सोपं करून ठेवलंय. हदीस दिल्यावर लगेच ते लिहितात की मी मुहम्मद, म्हणजे इमाम बुखारी, यांना या हदीसला कमकुवत ठरवताना ऐकलं, आणि त्यांचं कारणही देतात: यहया बिन अबी कसीर यांनी उर्वा यांच्याकडून ऐकलेलं नाही, आणि हज्जाज यांनी यहया यांच्याकडून ऐकलेलं नाही. म्हणजे साखळी दोन ठिकाणी तुटलेली आहे. मधला माणूस कोण होता ते ठाऊक नाही. हज्जाज बिन अर्तात यांच्याबद्दल "तकरीब"चा निकाल असा की माणूस खरा, पण चुका फार आणि तदलीस फार, म्हणजे ज्याच्याकडून प्रत्यक्ष ऐकलं नाही त्याचं नाव ऐकल्यासारखं घेण्याची सवय. हा दोष खरा आहे, पण तो खोटेपणाचा नाही. ही हदीस पहिल्या अटीतून पार होते.

एक गोष्ट इथे लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. हजरत आयेशा (र.) रात्री प्रेषितांच्या मागोमाग बकीअला गेल्या, ही घटना सहीह मुस्लिममध्येही आहे, भक्कम सनदेने. पण तिथे शाबानचा उल्लेख नाही, मेंढ्यांच्या केसांचाही नाही. घटनेचा गाभा सहीह, आणि कमकुवत सनदेने आलेला तारखेचा भाग वेगळा. हदीसच्या तपासणीत हे वारंवार दिसतं, आणि "अहो, ही तर मुस्लिममध्ये आहे" असं म्हणणाऱ्याला नेमका कोणता भाग मुस्लिममध्ये आहे हे विचारायला हवं.

तिसऱ्या हदीसच्या सनदेतही दोष आहे. पण ती एकटी नाही. याच अर्थाची रिवायत हजरत मुआझ बिन जबल (र.) आणि इतर काही सहाबींकडून वेगवेगळ्या सनदींनी आली आहे. त्या प्रत्येकीत काही ना काही उणीव आहे, पण उणिवा वेगवेगळ्या आहेत, आणि त्या एकमेकींना आधार देतात. म्हणून नासिरुद्दीन अल्बानी (मृत्यू इ.स. १९९९) यांनी आपल्या सहीह हदीसींच्या मालिकेत १,१४४ क्रमांकावर तिला एकूण मिळून सहीह ठरवलंय. अल्बानी म्हणजे जईफ हदीसवर अमलच नको म्हणणाऱ्यांतले आजचे सर्वांत मोठे नाव. त्यांनी ही स्वीकारली म्हणजे या हदीसला "फजाइलमध्ये चालतं" या सवलतीची गरजच उरत नाही. सनदी गोळा करण्याआधी सवलत मागायला जाऊ नका, एवढंच यातून घ्यायचं. सर्वांनी ती सहीह मानलीय असं मात्र नाही. काही विद्वान या रात्रीबद्दलच्या सगळ्याच रिवायतींना कमकुवत मानतात.

तिसरी पायरी: कर्माचे तुकडे करा

आता दुसरी अट. हदीसमध्ये काय काय सांगितलंय ते सुटं करून मांडा: कर्म कोणतं, वेळ कोणती, संख्या किती, पद्धत कोणती आणि पुण्य कोणतं. मग प्रत्येक तुकड्यासमोर लिहा की हा जईफ हदीस सोडून आणखी कशाने सिद्ध होतो का.

आपल्या विषयात असं होतं. रात्री नमाज पढणं सिद्ध आहे, वर्षभर. रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात अल्लाह क्षमा मागणाऱ्याला हाक देतो हे बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे, आणि ते प्रत्येक रात्रीबद्दल आहे. शाबानमध्ये रोजे ठेवणं सिद्ध आहे, कारण हजरत आयेशा (र.) सांगतात की रमजान सोडला तर शाबानइतके रोजे प्रेषित (स.) दुसऱ्या कोणत्याच महिन्यात ठेवत नसत. चांद्र महिन्याच्या १३, १४ आणि १५ तारखेचे रोजे ठेवण्याची शिकवण हजरत अबू झर (र.) यांच्या हदीसमध्ये आहे. म्हणजे १५ शाबानला रोजा ठेवणारा माणूस मोकळ्या रानात उभा नाही, त्याच्याकडे आधार आहे. फक्त तो आधार मी सांगितलेली हदीस नाही.

आता जे सिद्ध होत नाही ते पाहा. फक्त १५ तारखेचाच रोजा, तोही याच महिन्याचा, म्हणून वेगळा ठेवायचा, हे इब्न अबी सब्राच्या रिवायतीखेरीज कुठून येत नाही. ठराविक रकाती, ठराविक सूरा, ठराविक वेळा, हेही येत नाही. इब्न तैमिया यांनी इथेच रेघ ओढली आहे: जईफ हदीसमध्ये वेळ, संख्या किंवा पद्धत ठरवून दिली असेल तर ती ठरावीक पद्धत मुस्तहब, म्हणजे सक्तीची नसली तरी करणं चांगलं, म्हणून धरता येत नाही, कारण तिला स्वतंत्र शरई पुरावा लागतो.

ही रेघ केवळ कडक लोकांनी ओढलेली नाही. ज्या इमाम नववींनी एकमताचा दावा केला, त्यांनीच शाबानच्या मधल्या रात्रीची १०० रकातींची नमाज आणि रजबच्या पहिल्या जुम्याच्या रात्रीची १२ रकातींची सलातुर्रगाइब, या दोन्हींना "अल-मजमूअ" या आपल्या ग्रंथात वाईट बिदअत, म्हणजे दीनमध्ये नव्याने घुसवलेली गोष्ट, म्हटलंय, आणि या नमाजी अमुक प्रसिद्ध ग्रंथांत लिहिलेल्या आहेत म्हणून फसू नका असंही बजावलंय. तेव्हा "नववींनी परवानगी दिली" असं म्हणून त्या नमाजींचं समर्थन करणाऱ्याने नववींचं हे पानही उघडून पाहावं.

चौथी पायरी: तोंडाने काय म्हणायचं

दोन अटी पार झाल्या म्हणजे दुसरी हदीस, मेंढ्यांच्या केसांची, आशेपुरती जवळ ठेवता येते. पण बोलायची कशी? हदीसच्या विद्वानांचा यावर स्पष्ट नियम आहे. "प्रेषित (स.) म्हणाले", "त्यांनी आज्ञा दिली", "त्यांनी मना केलं" अशी ठाम क्रियापदं सहीह आणि तिच्या खालोखाल मानल्या जाणाऱ्या हसन हदीसींसाठी राखीव. जईफसाठी "रिवायत केली जाते", "सांगितलं जातं", "त्यांच्या नावे पोचलं आहे" असे शब्द. माझी पहिली चूक इथेच झाली होती, हदीस कोणती हा प्रश्न त्यानंतरचा. त्या वृद्ध गृहस्थांनी "ठेवायलाच हवा" हे माझ्या "म्हणाले" या एका क्रियापदातून काढलं होतं.

अर्थात अरबीतला "रुविया" हा शब्द विद्यार्थ्याच्या कानाला सूचना देतो, सर्वसामान्य ऐकणाऱ्याला नाही. मराठीत "रिवायत आहे" म्हटलं की समोरच्याला ते "हदीस आहे" इतकंच पक्कं वाटतं. म्हणून मी आता उघड वाक्य वापरतो: "तिर्मिझीत हजरत आयेशा यांच्या नावे एक रिवायत आहे. इमाम बुखारींच्या मते तिची सनद दोन ठिकाणी तुटलेली आहे. त्यामुळे हे प्रेषितांनी सांगितलंच असं मी म्हणू शकत नाही. पण अल्लाह क्षमाशील आहे हे कुरआनमध्ये आहे, आणि त्या आशेने रात्री क्षमा मागणं चांगलं आहे." वाक्य लांब होतं, रंगत कमी होते, हे खरं आहे. पण तिसरी अट ऐकणाऱ्याच्या मनात पाळली जायची असेल तर याहून आखूड वाक्याने ते काम होत नाही.

ज्यांनी ही वाटच नाकारली

आता त्यांचं म्हणणं, कारण ते ऐकल्याशिवाय वरच्या अटींचं वजन कळत नाही.

इमाम मुस्लिम (मृत्यू इ.स. ८७५) यांनी आपल्या सहीहच्या प्रस्तावनेत अप्रामाणिक आणि अज्ञात रावींच्या रिवायती सर्वसामान्यांपुढे टाकणाऱ्यांवर कडक टीका केली आहे, आणि त्यात एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. ते म्हणतात की दीनच्या बाबतीतल्या बातम्या हलाल किंवा हराम, आज्ञा किंवा मनाई, उत्तेजन किंवा भय घेऊनच येतात. उत्तेजन आणि भय, म्हणजे तरगीब आणि तरहीब, त्यांनी हलाल-हरामच्याच रांगेत बसवले. त्यामुळे नंतरच्या काही विद्वानांनी त्यांना जईफ हदीस पूर्ण नाकारणाऱ्यांत मोजलं. यहया बिन मईन यांच्याकडेही हेच मत जोडलं जातं. अंदलुसियाचे इब्न हज्म (मृत्यू इ.स. १०६४) यांच्या मते जिच्या सनदेत खोटा, निष्काळजी किंवा अज्ञात माणूस आहे ती खरी मानणं किंवा तिच्यातलं काही घेणं हलालच नाही. मालिकी काझी अबू बक्र इब्नुल अरबी (मृत्यू इ.स. ११४८) यांचंही मत जईफवर अमल मुळीच नको असं नोंदलेलं आहे. म्हणजे नववींनी सांगितलेलं एकमत प्रत्यक्षात तेवढं पूर्ण नव्हतं.

या पक्षाचा मुख्य युक्तिवाद असा. एखादं कर्म मुस्तहब आहे असं म्हणणं हा शरीअतच्या पाच हुकुमांपैकी एक हुकूम आहे. वाजिब सांगायला पुरावा लागतो, हराम सांगायला लागतो, मग मुस्तहब सांगायला कमी पुरावा का? यमनचे शौकानी (मृत्यू इ.स. १८३४) यांनी हेच म्हटलंय की शरीअतचे हुकूम पायाच्या बाबतीत सारखे आहेत, त्यांत फरक करता येत नाही. गंमत म्हणजे इब्न हजर यांच्या त्या रजबच्या पुस्तिकेतही हाच विचार येतो: अमलाच्या बाबतीत अहकाम, म्हणजे हलाल-हरामसारखे हुकूम, आणि फजाइल यांत फरक नाही, कारण दोन्ही शरीअतच आहेत. अटी घालणाराच हे म्हणतो, त्यावरून त्यांना किती धाकधूक होती ते कळतं. अल्बानी याला जोडतात की जईफ हदीसमधून मिळतो तो फार तर दुबळा अंदाज, आणि दीनमध्ये अशा अंदाजावर चालण्याची कुरआनने निंदा केली आहे.

दुसरा युक्तिवाद शब्दाच्या इतिहासाचा आहे, आणि मला तो फार पटतो. इमाम अहमदांच्या काळी हदीसचे मुख्य दोनच प्रकार मानले जात, सहीह आणि जईफ. मधला "हसन" हा वर्ग पुढे तिर्मिझी (मृत्यू इ.स. ८९२) यांनी रूढ केला. तेव्हा अहमद ज्या जईफवर सैल होते तिच्यातली बरीचशी आज आपण हसन म्हणतो, हे इब्न तैमिया यांनी म्हटलंय आणि विसाव्या शतकात इजिप्तच्या अहमद शाकिर यांनीही त्याच अर्थाने मांडलंय. शिवाय त्यांच्या मूळ शब्दांत "रिवायत करताना" आहे. सनदेसह लिहून ठेवणं आणि तिच्यावर अमल करायला सांगणं यांत अंतर आहे.

तिसरं कारण व्यवहाराचं: अटी कागदावर आहेत, पण त्या पाळायला तीव्र आणि सौम्य जईफ ओळखता आली पाहिजे, आणि तेवढं ज्ञान फार थोड्यांकडे असतं.

दुसऱ्या बाजूनेही उत्तर आहे. भारतातले अब्दुल हई लखनवी (मृत्यू इ.स. १८८६) यांच्यासारख्या विद्वानांनी या प्रश्नावर सविस्तर लिहून अटींसह जईफची जागा राखली. पहिल्या युक्तिवादाला बहुसंख्याकांचं उत्तर असं की कर्म आधीच सिद्ध असेल तर जईफ हदीस नवा हुकूम देतच नाही, म्हणून पाच हुकुमांचा प्रश्न उद्भवत नाही. हे उत्तर बरोबर आहे, पण ते दुसरी अट काटेकोरपणे पाळली तरच. ती ढिली झाली की नाकारणाऱ्यांचा युक्तिवाद तंतोतंत लागू पडतो.

मी कुठे थांबतो

एकट्याने अमल करणं आणि लोकांना सांगणं, हे मी आता वेगळं धरतो. घरी एकटा असताना तिर्मिझीची ती रिवायत मनात ठेवून मी रात्री उठलो, तर तिसरी अट माझ्या हातात आहे. हे सिद्ध नाही हे मला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणं मी टिकवू शकतो. पण चाळीस माणसांपुढे तीच रिवायत सांगितली की ती अट चाळीस मनांच्या स्वाधीन होते. माझं "सनद तुटलेली आहे" दारापर्यंतही पोचत नाही, आणि मेंढ्यांचे केस मात्र घरोघर पोचतात. इब्न हजर गाजावाजा करू नका म्हणाले ते याचसाठी. म्हणून दर्समध्ये त्याच विषयावर सहीह हदीस असताना मी जईफला हात लावत नाही, आणि बहुतेक वेळा सहीह असतेच. जी पहिल्या अटीतच पडते ती सांगायची झाली तर फक्त तिचा दोष दाखवण्यासाठी. प्रेषितांचा इशारा सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेतच आहे: जो माझ्याकडून अशी हदीस सांगतो जी खोटी असल्याचं त्याला दिसतंय, तो खोटारड्यांपैकी एक आहे. इब्न अबी सब्राचं नाव वाचल्यानंतर गप्प बसणं मला शक्यच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात, १२ शाबानला, असरनंतर मी पुन्हा बसलो आणि सुरुवातच चुकीने केली. हदीस कोणती होती, रावी कोण होता, त्याच्याबद्दल काय म्हटलं गेलंय, सगळं सांगितलं. ते वृद्ध गृहस्थ समोरच बसले होते. त्यांचा चेहरा उतरला. "मग पंधराचा रोजा गेलाच म्हणायचा," ते म्हणाले. मी म्हटलं, "चाचा, रोजा कुठे गेला? गेली ती एक सनद." मग त्यांना हजरत अबू झर यांची हदीस सांगितली, १३, १४ आणि १५ तारखांची. दर महिन्याची.

त्यांनी बोटांवर मोजलं आणि मान हलवली. "म्हणजे एक नाही, तीन. आणि उद्यापासूनच."